ताईची पोझिशन कुणी कापली?

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. पण गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या तिघीजणींनी डीमॅट अकाउंट उघडलं, आणि मेसमध्ये चपातीची वाट बघताना 'लॉट', 'मार्जिन', 'लिव्हरेज' असले शब्द ऐकू यायला लागले. तेव्हा वाटलं की माझ्या मावसबहिणीची, म्हणजे ताईची, गोष्ट लिहावी. तिची परवानगी घेतली आहे. "नाव नको टाकूस, आकडे सगळे टाक," एवढीच तिची अट.

ताई विरारला राहते, आगाशीच्या बाजूला. घर बैठं, मागे केळीची छोटी वाडी. ती अंधेरीला एका ऑफिसात नोकरी करते. रोज सकाळी विरार लोकल, लेडीज डबा, आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षाची लाइन. त्या लाइनला कंटाळून ती स्कूटीसाठी पैसे साठवत होती. साठले होते 65 हजार. मावशीची भिशी लागली होती, त्यातले 20 हजार मावशीने तिच्याकडे ठेवायला दिले होते. पावसाआधी घरावरचे पत्रे बदलायचे होते ना, त्यासाठी. एकूण 85 हजार.

3 जून 2024, सोमवार

लोकसभेचं मतदान 1 जूनला संपलं आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक्झिट पोल आले. सगळे एकच सांगत होते, सरकारला मोठं बहुमत. सोमवारी बाजार उघडला तोच उसळला आणि निफ्टी त्या दिवशी सव्वातीन टक्के वर जाऊन 23,263.90 ला बंद झाला. ताईच्या ऑफिसात कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. एक सहकारी म्हणाला, "उद्या निकाल लागला की अजून पाचशे-हजार अंक वर. शेअर घेऊन काय होणार? फ्युचर घे."

ताईने बँकेचं स्टेटमेंट देऊन आधीच ते सेगमेंट चालू करून ठेवलं होतं. बाजार बंद व्हायच्या थोडं आधी तिने निफ्टी फ्युचरचा एक लॉट घेतला. (फ्युचरचा भाव निफ्टीपेक्षा थोडा वेगळा असतो. हिशोब सोपा राहावा म्हणून मी सगळीकडे निफ्टीचेच आकडे घेते.) समजा 23,260 ला घेतला.

आता इथे थांबून नीट बघू, कारण तिने नेमकं काय विकत घेतलं हे तिलाही त्या दिवशी नीट माहीत नव्हतं.

त्या वेळी निफ्टीचा एक लॉट 25 चा होता. म्हणजे करार 23,260 गुणिले 25, एकूण 5,81,500 रुपयांचा. खिशात 85 हजार असणाऱ्या मुलीने पावणेसहा लाखांचा माल घेतला. हे कसं जमलं? कारण फ्युचरमध्ये पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. फक्त अनामत ठेवावी लागते, तिला मार्जिन म्हणतात. ती त्या सुमारास साधारण 12 टक्के धरा, म्हणजे 70 हजार. ताईच्या खात्यातल्या 85 हजारांपैकी 70 हजार अडकले आणि 15 हजार मोकळे उरले. अॅपवर तिला ते 15 हजार 'उपलब्ध' असे दिसत होते. तिला वाटलं, अजून पैसे शिल्लक आहेत, छानच.

फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण तरफ शिकलो. लिव्हरेज हा शब्द तिथूनच आला. लांब दांड्याने छोट्या बळाने मोठा दगड हलतो. इथे दांडा किती लांब होता? 5,81,500 भागिले 85,000, म्हणजे जवळजवळ 6.8 पट. निफ्टी एक टक्का वर गेला तर ताईचे पैसे 6.8 टक्के वाढणार. आणि एक टक्का खाली आला तर तेवढेच कमी होणार. सहकाऱ्याने पहिलं वाक्य सांगितलं होतं. दुसरं सांगितलं नव्हतं, पण खरं सांगायचं तर ताईने विचारलंही नव्हतं.

4 जून, मंगळवार

बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा ताई लोकलमध्ये उभी होती. फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी घट्ट. निफ्टी 23,180 च्या आसपास उघडला, म्हणजे फक्त 80 अंकांचा, दोन हजारांचा तोटा. तिने अंधेरीला उतरल्यावर बघितलं तेव्हा आकडा बराच मोठा झाला होता. मतमोजणीचे कल एक्झिट पोलसारखे येत नव्हते आणि बाजार कोसळत होता.

फ्युचरमध्ये तोटा 'कागदावरचा' राहत नाही. शेअर घेऊन ठेवला आणि पडला तर आपण म्हणतो, विकला नाही तोपर्यंत तोटा नाही. फ्युचरमध्ये रोज संध्याकाळी त्या दिवसाचा फरक रोख वसूल होतो. याला मार्क टू मार्केट म्हणतात. आणि दिवसभरात ब्रोकरच्या रिस्क विभागाचा कॉम्प्युटर दर क्षणाला तोच हिशोब करत बसलेला असतो: हिची जमा वजा आत्ताचा तोटा, हे मार्जिनपेक्षा जास्त आहे की कमी?

ताईचे मोकळे पैसे 15 हजार होते. एका अंकाला 25 रुपये, म्हणजे 600 अंकांत ते संपणार. 23,260 मधून 600 गेले की 22,660. हा आकडा तिने आदल्या दिवशी काढला असता तर तिला कळलं असतं की आपण फक्त 2.6 टक्क्यांच्या अंतरावर उभ्या आहोत. एखाद्या बीमचा फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण दोन-तीन धरतो. इथे तर जवळजवळ नव्हताच. आणि तेही अशा दिवशी, जेव्हा देशाचा निकाल लागणार होता.

पहिल्या तासाभरातच तो आकडा ओलांडला गेला. तिच्या फोनवर मेसेज आला, मार्जिन कमी पडलं आहे, ताबडतोब पैसे भरा, नाहीतर पोझिशन बंद केली जाऊ शकते. पण ती मीटिंगमध्ये होती आणि फोन सायलेंट होता.

बाहेर आली तेव्हा निफ्टी 22,000 च्या आसपास. तोटा 1,260 अंकांचा, म्हणजे 31,500. खात्यात उरले 53,500, हवेत 70,000. पगार सात तारखेला व्हायचा होता. बँकेत 11 हजार होते ते तिने जिन्यात उभं राहून यूपीआयने टाकले. झाले 64,500. तरी कमीच. ते 11 हजार जमा होईपर्यंत बाजार अजून खाली गेला होता.

इथे मी तिला विचारलं, "मग अर्धी पोझिशन का नाही विकलीस?" ती म्हणाली, "अगं, एक लॉट म्हणजे एक लॉट. त्याचं अर्धं होत नाही." हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शंभर शेअर असतील तर पन्नास विकून ओझं हलकं करता येतं. एकच लॉट असेल तर दोनच पर्याय, सगळं ठेवा किंवा सगळं सोडा. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्यालाच सगळ्यात कमी सोय.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. मार्जिनचा आकडा पण स्थिर नसतो. एक्सचेंज तो दिवसातून अनेकदा नव्याने काढतं, आणि बाजार जोरात हलायला लागला की तो वाढू शकतो. म्हणजे एकीकडे तुमची जमा घटत असते आणि दुसरीकडे मागणी वाढत असते. आपला 70 हजारांचा हिशोब त्यामुळे थोडा सौम्यच आहे.

दुपारी ताईच्या अॅपवर पोझिशन दिसेनाशी झाली. तिला वाटलं नेट गेलं. मग ऑर्डर बुक उघडलं तर तिथे एक विक्रीची ऑर्डर होती, तिने न टाकलेली. भाव साधारण 21,450. ब्रोकरने तिचा लॉट विकून टाकला होता. याला स्क्वेअर ऑफ म्हणतात, आणि बाजारातली मंडळी सरळ 'पोझिशन कापली' म्हणतात.

हिशोब असा. 23,260 वजा 21,450, म्हणजे 1,810 अंक. गुणिले 25, म्हणजे 45,250 रुपये. एकूण भरलेले 96 हजार, उरले 50,750. त्यातून ब्रोकरेज, टॅक्स आणि पोझिशन ब्रोकरने बंद केली म्हणून लागलेली वेगळी फी, असे मिळून साधारण दोनशे गेले.

आणि मग शुक्रवार

खरं दुखणं पुढे आहे. निफ्टी त्या दिवशी 21,281 पर्यंत खाली जाऊन आला आणि संध्याकाळी 21,884.50 ला बंद झाला. एका दिवसात 5.93 टक्के खाली. बुधवारी 22,620. गुरुवारी 22,821. आणि शुक्रवारी, 7 जूनला, 23,290.15.

म्हणजे ताईने घेतलेल्या भावापेक्षा 30 अंक वर! तिचा लॉट शुक्रवारपर्यंत टिकला असता तर साडेसातशे रुपये फायदा झाला असता. तिचा अंदाज फार चुकलेला नव्हता. फक्त मधले तीन दिवस उभं राहायला तिच्याकडे पैसे नव्हते.

ताई त्या शुक्रवारी रात्री मला फोनवर म्हणाली, "मला फसवलं गं. बरोबर तळाला विकलं माझं." तिला वाटत होतं कुणीतरी मुद्दाम केलं. मलाही आधी तसंच वाटलं. मग आम्ही दोघींनी बसून तिचे अकाउंट उघडतानाचे कागद वाचले. जिथे तिने न वाचता टिक केलं होतं तिथेच लिहिलं होतं की मार्जिन कमी पडलं तर ब्रोकर कळवून किंवा न कळवता पोझिशन बंद करू शकतो, आणि तोटा ग्राहकाचा. मेसेज पाठवला ही त्यांची मेहेरबानी म्हणायची. थांबायला ते बांधील नव्हते.

असं का करतात?

हॉस्टेलवर कुणी इस्त्री आणि हीटर एका बोर्डवर लावले की एमसीबी पडतो. आपण चिडतो. पण एमसीबी तुमच्या इस्त्रीची काळजी करत नाही, तो भिंतीतली वायरिंग वाचवतो. पोझिशन कापणं तसंच आहे.

ताईने लॉट घेतला तेव्हा समोर कुणीतरी तो विकला होता. ताईचा तोटा म्हणजे त्याचा फायदा, आणि तो त्याला रोजच्या रोज मिळायला हवा. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते, ती दोघांना हमी देते. ती ताईला ओळखत नाही, ती ब्रोकरकडून पैसे घेते. ताईकडे पैसे नसतील तर ब्रोकरला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. म्हणून ताईची अनामत पूर्ण संपेपर्यंत तो थांबत नाही. खात्यात 50 हजार शिल्लक असताना कापलं ते का, याचं उत्तर हे. ते 50 हजार पुढच्या घसरणीसाठीचं त्याचं संरक्षण होतं.

आणि वेळेवर कापलं नाही तर काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. 20 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, आपल्या मुंबईच्या एमसीएक्सवर कच्च्या तेलाचे सौदे संध्याकाळी पाचलाच बंद होत होते. त्या रात्री अमेरिकेत तेलाचा भाव शून्याखाली गेला, आणि एमसीएक्सचा करार बॅरलला उणे 2,884 रुपयांना सेटल झाला. लॉट 100 बॅरलचा. बाजार बंद, त्यामुळे कुणाला बाहेर पडताच आलं नाही. घेऊन बसलेल्यांची अनामत तर गेलीच, वर देणं झालं. फ्युचरमध्ये तोटा अनामतीपाशी थांबतो असा काही नियम नाही.

मग बरोबर तळालाच का कापलं गेलं? यात कट नाही, पण योगायोगही नाही. त्या दिवशी ताईसारखे कितीतरी लोक उसने बळ घेऊन त्याच बाजूला बसलेले असणार. भाव पडला तशी पातळ मार्जिनवाल्यांची पोझिशन आधी कापली गेली. ती विक्री मिळेल त्या भावाला असते, भाव बघत नाही. त्याने भाव अजून पडतो आणि पुढच्यांची पाळी येते. म्हणजे कापाकापी जिथे सगळ्यात जास्त, तिथेच बऱ्याचदा भावाचा तळ असतो.

काय करता आलं असतं?

ताईने हे एका वहीत लिहून ठेवलं आहे. मी तिच्याच क्रमाने सांगते.

पहिलं, घ्यायच्या आधी एक भागाकार:

कापली जाणारी घसरण (%) = (जमा − मार्जिन) ÷ कराराची किंमत × 100

तिच्या बाबतीत 15,000 ÷ 5,81,500 × 100, म्हणजे 2.6. मग स्वतःला विचारायचं, एवढी घसरण उद्या होऊ शकते का? निकालाच्या आदल्या दिवशी, आणि बाजार त्याच दिवशी सव्वातीन टक्के वर गेलेला असताना, उत्तर सरळ आहे. 21,281 च्या तळापर्यंत टिकायला 70 हजार मार्जिन आणि 49,475 चा तोटा मिळून जवळजवळ एक लाख वीस हजार लागले असते. मार्जिन वाढलं असतं तर त्याहून जास्त.

दुसरं, बाहेर पडायचा भाव आधीच ठरवायचा. समजा तिने 22,900 ला स्टॉपलॉस लावला असता, तर साधारण नऊ हजार गेले असते. अर्थात स्टॉपलॉस म्हणजे हमी नाही. भाव उडी मारून खाली गेला तर विक्री त्याहून खालच्या भावाला होते. आणि शुक्रवारी भाव परत वर आल्यावर हळहळ वाटलीच असती. पण नऊ हजारांची हळहळ आणि पंचेचाळीस हजारांची हळहळ यात फरक आहे.

तिसरं, मार्जिनच्या मेसेजनंतर घाईघाईने थोडे थोडे पैसे टाकायचे नाहीत. भरायचे तर टिकाव लागेल एवढे, नाहीतर स्वतःच विकून बाहेर. ते 11 हजार गेले नाहीत, पण त्यांनी वाचवलंही काही नाही. उलट त्या वेळात तोटा वाढला.

चौथं, मला सगळ्यात पटलेलं. तिला निफ्टी वर जाईल असं वाटत होतं ना? मग 85 हजारांचा साधा निफ्टीचा इंडेक्स फंड घ्यायचा. 4 जूनच्या तळाला तो कागदावर सव्वासात हजारांनी कमी दिसला असता, कुणीही कापला नसता, आणि शुक्रवारी परत जागेवर. अंदाज तोच, दिवस तेच. फरक फक्त दांड्याच्या लांबीचा.

आता नियम बदलले आहेत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास छापला, त्यात आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात होते. मग नोव्हेंबर 2024 पासून नवीन कराराची किमान किंमत 15 लाख केली, त्यामुळे 85 हजारांत निफ्टीचा लॉट येत नाही. पण लिव्हरेज बंद झालेलं नाही. आपल्या विंगमध्ये ज्या 'पाचपट मिळतं' म्हणून इंट्राडे करतात, त्यांनाही हाच भागाकार लागू आहे.

पत्र्यांचं काय झालं?

4 जूनला संध्याकाळी ताई घरी गेली आणि जेवायच्या आधीच तिने मावशीला सांगितलं. लपवलं नाही, हे मला तिचं आवडलं. दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे खात्यातून काढायला टाकले, आणि बँकेत आल्यावर त्यातले 20 हजार मावशीच्या हातात दिले. पत्रे पावसाआधी बसले. स्कूटीच्या 76 हजारांचे, 11 हजार धरून, 30 हजार राहिले. विरार स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनीत ती अजून उभी असते.

मावशी ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आमच्या भिशीत पण तसंच गो. नंबर लागेपर्यंत हप्ता भरता आला पाहिजे. मधे चुकला की नाव गेलं."

ताईने ते वहीत पाचवं म्हणून लिहिलं आहे.